काळ्या मातीच्या बारा टेस्ट अन् बारा आकडे: डिझाइनला कोहेजन नेमका किती धरायचा?

सॉइल रिपोर्ट हातात येतो, शेवटच्या पानावर टेबल असतं, अन् त्यात एकाच साइटचा, एकाच काळ्या चिकणमातीचा कोहेजन कुठं ३४, कुठं ७१, कुठं १३८ किलोपास्कल. मग डिझाइनवाला एकतर सरळ ॲव्हरेज काढतो, नाहीतर घाबरून सगळ्यात खालचा आकडा उचलतो. दोन्हीत विचार कमी अन् उरकणं जास्त. खरं तर या विखुरलेल्या आकड्यांतून एक आकडा निवडायची रीतसर पद्धत आहे, त्याला कॅरेक्टरिस्टिक व्हॅल्यू म्हणतात, अन् आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीसाठी ती कशी वापरायची ते एकच केस घेऊन शेवटपर्यंत बघू.

केस अशी धरा. परभणी जिल्ह्यात गोदावरीकाठच्या एखाद्या गावात पाण्याची उंच टाकी बांधायचीय, ९ मीटर बाय ९ मीटरचा राफ्ट, पाया जमिनीखाली दीड मीटरवर. वरून साधारण साडेसहा मीटरपर्यंत काळी चिकणमाती, त्याखाली मुरूम. फेब्रुवारीत तीन बोअर घेतले, प्रत्येकातून चार अनडिस्टर्ब्ड सँपल काढले अन् लॅबमध्ये यूसीएस टेस्ट केली. यूसीएसचा जो आकडा येतो त्याच्या निम्मा म्हणजे अनड्रेन्ड कोहेजन, खाली सगळीकडं तोच दिलाय, किलोपास्कलमध्ये. (आकडे समजावण्यासाठी मी मांडलेत, पण काळ्या मातीचे रिपोर्ट ज्यांनी चाळलेत त्यांना ओळखीचे वाटतील.)

| खोली | बोअर १ | बोअर २ | बोअर ३ |
|---|---|---|---|
| १.० मी | १३८ | १२१ | ९६ |
| २.० मी | ६४ | ५५ | ६० |
| ३.५ मी | ५८ | ४९ | ३४ |
| ५.० मी | ७१ | ६६ | ५२ |

आधी आकडे का विखुरतात ते

याची कारणं दोन जातीची आहेत अन् दोन्हींवरचा उपाय वेगळा, म्हणून आधी ती वेगळी करून घ्यायची.

पहिली जात म्हणजे मातीच मुळात जागोजागी वेगळी आहे. नदीनं गाळ टाकताना एका पुरात बारीक टाकला, दुसऱ्या पुरात जरा रेतीमिश्रित, कुठं जुना वढा होता तो भरून निघाला, वरचा मीटरभर दरवर्षी उन्हाळ्यात तडकतो अन् पावसाळ्यात फुगतो. हा फरक खरा आहे, जास्त टेस्ट केल्या म्हणून तो जात नाही, फक्त जास्त नीट कळतो.

दुसरी जात आपण स्वतः घातलेल्या गोंधळाची. सँपल ट्यूब ठोकताना माती दबली, ट्यूबच्या तोंडाला मेण नीट लावलं नाही, एप्रिल-मेच्या उन्हात ट्यूब जीपच्या मागं दोन दिवस पडून राहिली अन् चिकणमाती सुकून कडक झाली. सुकलेलं सँपल टेस्टला जास्त ताकद दाखवतं, अन् हीच चूक जास्त धोक्याची, कारण चांगला आकडा आला की कुणी शंका घेत नाही. ओळखायचं कसं? सँपल काढताना तिथल्याच मातीचा छोटा नमुना हवाबंद डबीत घेऊन ओलावा काढायचा, अन् टेस्टनंतर त्या सँपलचा ओलावा परत काढायचा. दोन्हीत दोन-तीन टक्क्यांच्या पुढं फरक असला तर तो आकडा जमिनीचा राहत नाही, प्रवासाचा होतो.

काळ्या मातीत आणखी एक भानगड आहे. फुगून-आटून तिच्यात आतल्या आत घसरलेले चकचकीत पृष्ठभाग तयार होतात, ढेकूळ फोडलं की हाताला गुळगुळीत लागतात. ३८ मिलिमीटरच्या छोट्या सँपलमध्ये असा पृष्ठभाग आला तर आकडा एकदम पडतो, नाही आला तर आकडा उगाच चांगला दिसतो, जमीन मात्र दोन्ही वेळेस तीच असते, भेगांसकट. म्हणून लॅबवाल्याला सांगायचं की सँपल कसं तुटलं त्याचं एका ओळीत वर्णन लिही, उभी चीर गेली, फुगलं, का आधीच्या भेगेवरून घसरलं. ही एक ओळ पुढं लई कामाला येते.

पहिली पायरी: एका ढिगात एकच माती

आता आपले बारा आकडे डोळे झाकून एक्सेलमध्ये टाकले तर काय होतं बघा. ॲव्हरेज येतो ७२, स्टँडर्ड डेव्हिएशन ३०.८, म्हणजे ॲव्हरेजच्या ४३ टक्के. चिकणमातीच्या अनड्रेन्ड ताकदीत १० ते ५० टक्क्यांपर्यंत फरक जगभर नोंदलेला आहे, त्यामुळं ४३ बघून कुणी म्हणेल की चालतंय, रेंजमध्ये आहे. पण रेंजमध्ये असणं वेगळं अन् एकाच मातीचं असणं वेगळं.

कागदावर खोली उभी अन् कोहेजन आडवा घेऊन ठिपके मांडा, हातानं मांडले तरी चालतील. लगेच दिसतं की १ मीटरवरचे तीन ठिपके पार उजवीकडं उडालेत अन् बाकीचे नऊ ३४ ते ७१ मध्ये आहेत. वरचे तीन म्हणजे फेब्रुवारीपर्यंत सुकून कडक झालेली कवचाची माती. एकतर ती पायाच्या वर आहे, खोदून निघूनच जाणार, अन् दुसरं म्हणजे पावसाळ्यानंतर तिची ती ताकद राहणारही नाही. म्हणून ते तीन आकडे बाजूला. फेकून द्यायचे नाहीत, रिपोर्टमध्ये ठेवायचे, फक्त या हिशोबात घ्यायचे नाहीत.

इथं थांबून २ मीटरच्या आकड्यांवरही शंका घ्यायची. काळ्या मातीत मोसमी ओलावा बदलायची हद्द बरीच खोल जाते, अंडर-रीम्ड पाइल अशा मातीत निदान साडेतीन मीटर न्यायचा म्हणून जो नियम आहे तो त्याच्यामुळंच. म्हणजे २ मीटरचं सँपल पण अर्धवट सुकलेलं असू शकतं. आपल्या केसमध्ये २ मीटरचा ओलावा २९-३० टक्के अन् खालच्या सँपलांचा, एक सोडून, २७ ते ३१, मातीही जवळजवळ संपृक्त, म्हणून ते तीन ठेवले. तिथं ओलावा २० टक्के दिसला असता तर ते आकडे मी घेतले नसते, सँपल भिजवून परत टेस्ट मागितली असती.

खोलीबरोबर ताकद सरळ वाढत जात असेल तर अजून एक काळजी: तेव्हा सगळ्यांचा एक ॲव्हरेज काढायचा नाही, ठिपक्यांमधून तिरकी रेघ काढायची अन् त्या रेघेपासूनचा फरक मोजायचा. नाहीतर खोलीमुळं आलेला फरक तुम्ही विखुरण्यात मोजता. आपल्या नऊ आकड्यांत साडेतीन मीटरवर बारीकसा खड्डा आहे, सरळ वाढ नाही, म्हणून एकच ॲव्हरेज चालेल.

दुसरी पायरी: त्या ३४ चं काय करायचं

नऊ आकडे उरले अन् त्यात बोअर ३ चा साडेतीन मीटरवरचा ३४ एकटा पडलाय. बऱ्याच ठिकाणी याला चुकीची टेस्ट म्हणून उडवतात. उडवला तर उरलेल्या आठांचा ॲव्हरेज ५९.४ होतो अन् पुढचा सगळा हिशोब छान दिसायला लागतो, म्हणूनच तो उडवायचा मोह होतो.

नियम साधा ठेवा: आकडा वाईट आहे हे उडवायचं कारण नाही, टेस्ट वाईट होती याचा पुरावा असेल तरच उडवायचा. पुरावा म्हणजे ट्यूब चेपलेली, सँपल दोन तुकड्यांत निघालं, असलं लिखित काहीतरी. इथं उलटं आहे. त्या सँपलचा ओलावा ३७ टक्के निघालाय, बाकीच्यांपेक्षा बराच जास्त, अन् जास्त ओलं म्हणजे मऊ, दोन्ही गोष्टी एकमेकीला धरून आहेत. शिवाय बोअर ३ हा साइटच्या खालच्या बाजूला. अशा वेळी शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, "बाबा, इथून पाणी कुठून वाहायचं?" अन् बहुतेक वेळा उत्तर मिळतं की इथून वढा होता, बांधबंदिस्तीत बुजवला. जुना गावनकाशा मिळाला तर त्यावर पण दिसतो. असा वढा निघाला तर ३४ हा सगळ्या टेबलातला सगळ्यात मोलाचा आकडा ठरतो, कारण तो सांगतो की साइटचा एक कोपरा वेगळा आहे.

३४ राहिला. नऊ आकड्यांचा ॲव्हरेज ५६.६, स्टँडर्ड डेव्हिएशन १०.९, म्हणजे १९ टक्के. मघाच्या ४३ वरून १९ वर आलो, एकही नवीन टेस्ट न करता.

तिसरी पायरी: कशाची कॅरेक्टरिस्टिक व्हॅल्यू?

इथंच सगळ्यात जास्त लोक घसरतात. आपण सगळे काँक्रीटवर वाढलो. आयएस ४५६ मध्ये कॅरेक्टरिस्टिक स्ट्रेंग्थ म्हणजे ज्याच्या खाली ५ टक्क्यांपेक्षा जास्त क्यूब जाणार नाहीत असा आकडा, ॲव्हरेज वजा १.६५ गुणिले डेव्हिएशन. मग तोच फॉर्म्युला मातीला लावतात. पण राफ्ट फेल व्हायचा तर त्याच्याखालून लांबच लांब घसरण पृष्ठभाग तयार व्हावा लागतो, ९ मीटरच्या राफ्टखाली तो पाच-सहा मीटर खोल जातो, म्हणजे आपली जवळजवळ सगळी चिकणमाती कापत जातो. त्या वाटेवर मऊ जागा पण येतात, कडक पण येतात, अन् फेल होणं न होणं ठरतं ते त्या सगळ्यांच्या ॲव्हरेजवर, एखाद्या मुठीएवढ्या मऊ जागेवर नाही.

म्हणून युरोकोड ७ मध्ये व्याख्या वेगळी आहे: जी लिमिट स्टेट तुम्ही तपासताय तिच्यावर ज्या व्हॅल्यूचा परिणाम होतो, तिचा सावध अंदाज. अन् आकडेशास्त्र वापरणार असाल तर त्यापेक्षा वाईट व्हॅल्यू प्रत्यक्षात लागू पडायची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. राफ्टला लागू पडणारी व्हॅल्यू म्हणजे त्या पट्ट्यातला ॲव्हरेज. खरा ॲव्हरेज आपल्याला माहीत नाही, नऊ सँपलांवरून अंदाज बांधलाय, म्हणून त्या ॲव्हरेजचाच सावध अंदाज घ्यायचा. एक्सेलमध्ये नऊ आकडे B2 ते B10 मध्ये असतील तर:

```
=AVERAGE(B2:B10)-T.INV(0.95,COUNT(B2:B10)-1)*STDEV.S(B2:B10)/SQRT(COUNT(B2:B10))
```

T.INV नऊ आकड्यांसाठी १.८६ देतो. त्याला नऊच्या वर्गमुळानं, म्हणजे ३ नं भागलं की ०.६२, गुणिले १०.९ म्हणजे ६.८, अन् ५६.६ मधून गेले की ४९.८. एक खबरदारी, T.INV.2T किंवा जुनं TINV वापरू नका, ते दोन्ही बाजूंचा हिशोब करतात अन् ०.०५ टाकलं तर १.८६ च्या जागी २.३१ येतो. आपल्याला एकच बाजू पाहिजे, खालची.

चट्कन पडताळायला श्नायडरचा नियम आहे, ॲव्हरेज वजा अर्धं डेव्हिएशन, तो देतो ५१. जवळ आलं, म्हणजे गणितात घोळ नाही.

आता मघाचे बारा आकडे न निवडता याच फॉर्म्युल्यात टाकले तर कॅरेक्टरिस्टिक येते ५६, म्हणजे निवडलेल्या नऊ आकड्यांच्या साध्या ॲव्हरेजएवढी. फॉर्म्युला बरोबर, गणित बरोबर, अन् सावधपणा शून्य. पहिल्या पायरीवर वेळ घालवायला मी का सांगतोय ते यावरून बघा.

हाच हिशोब छोट्या फुटिंगला मात्र चालत नाही. समजा बोअर ३ जवळ एकट्या कॉलमचं दीड मीटरचं फुटिंग ३ मीटर खोलीवर आलं. त्याची घसरण मीटरभर खोलीतच संपते, अन् तिथं त्या ३४ वाल्या मऊ मातीशिवाय दुसरं काही नाही, भरपाई करायला कडक माती वाटेत येतच नाही. तिथं ५ टक्क्यांचा खालचा आकडाच धरायचा, वरच्या फॉर्म्युल्यात वर्गमूळ १ भागिले ९ च्या जागी वर्गमूळ १ अधिक १ भागिले ९ घ्यायचं, उत्तर येतं ३५. एकच माती, एकच टेबल, राफ्टला ५० च्या आसपास अन् फुटिंगला ३५. म्हणून "या साइटची कॅरेक्टरिस्टिक व्हॅल्यू किती?" हा प्रश्नच अर्धवट आहे, पुढं "कशासाठी?" जोडल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

चौथी पायरी: नऊ टेस्ट खरंच नऊ आहेत का

फॉर्म्युला असं धरून चालतो की नऊही आकडे एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. जमिनीत असं नसतं. एकाच बोअरमध्ये दीड मीटर अंतरावरची दोन सँपलं बऱ्याचदा एकसारखीच निघतात, कारण उभ्या दिशेला मातीचा गुण बदलायला साधारण मीटर-दोन मीटर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. आडव्या दिशेला तर हेच अंतर दहा-दहा मीटरांत जातं. म्हणजे एका बोअरची तीन सँपलं तीन स्वतंत्र साक्षीदार नाहीत, त्यातली दोन एकमेकांचं ऐकून बोलणारी आहेत.

याचा अंदाज घ्यायची सोपी रीत म्हणजे बोअरवार ॲव्हरेज काढा. बोअर १ चा ६४.३, बोअर २ चा ५६.७, बोअर ३ चा ४८.७. आकडे एका बाजूला उतरत चाललेत, वढ्याच्या दिशेला, यात योगायोग कमी दिसतो. आता हेच तीन ॲव्हरेज तीन स्वतंत्र आकडे धरून फॉर्म्युल्यात टाकले तर तीन आकड्यांसाठी T.INV होतो २.९२ अन् उत्तर येतं ४३. हे जरा जास्तच कडक आहे, कारण तीन आकड्यांवरून डेव्हिएशनचा अंदाज बांधणं म्हणजे अंधारात चाचपडणं. मधला रस्ता: डेव्हिएशन १०.९ हेच खरं मानायचं, अशा मातीच्या अनुभवाशी ते जुळतंय, अन् फक्त टेस्टची संख्या ३ धरायची. तेव्हा १.६४५ भागिले ३ चं वर्गमूळ, म्हणजे ०.९५, गुणिले १०.९, अन् उत्तर ४६.

म्हणजे आपल्याकडं ४३, ४६ अन् ५० असे तीन आकडे झाले. मी इथं ४५ धरीन. कारण तीन आहेत: माती भेगांची आहे अन् छोटी सँपलं एकूण जमिनीपेक्षा थोडी भारी बोलतात, बोअर ३ कडं उतार दिसतोय, अन् राफ्ट ताठ असल्यानं थोडंफार वजन कडक बाजूला सरकवू शकतो म्हणून ४३ पर्यंत उतरायची गरज नाही. तुम्ही ४६ धरला तर भांडण नाही, पण कारण लिहा.

फरक किती पडतो

चौकोनी पायाला कोहेजनचा गुणक साधारण ६.२ येतो, खोलीचा फायदा सोडून दिलाय. ४५ ला गुणलं की २७९, फॅक्टर ऑफ सेफ्टी ३ नं भागलं की ९३ किलोपास्कल, म्हणजे आपल्या बोलीत साडेनऊ टन पर स्क्वेअर मीटर. बारा आकड्यांचा कच्चा ॲव्हरेज ७२ धरला असता तर हेच पंधरा टनावर गेलं असतं, अन् सगळ्यात कमी ३४ धरला असता तर सात टनावर. एका टेबलातून सात ते पंधरा टन, म्हणजे दुपटीच्या पुढं फरक.

अन् सात टन धरून "सेफ साइडला राहिलो" म्हणणाऱ्यांना एक विचारावं वाटतं. फॅक्टर ३ मध्ये मातीच्या अनिश्चिततेचा वाटा आधीच धरलेला असतो. वरून किमान आकडा घेतला की तीच अनिश्चितता दोनदा मोजली जाते, राफ्ट मोठा होतो, पैसा ग्रामपंचायतीचा जातो. युरोकोडच्या पद्धतीत तर कॅरेक्टरिस्टिक व्हॅल्यूला वेगळा पार्शल फॅक्टर असतो, अनड्रेन्ड ताकदीला १.४, म्हणून तिथंही कॅरेक्टरिस्टिकमध्ये आधीच फॅक्टर मिसळायचा नाही. सावध अंदाज वेगळा अन् सेफ्टी फॅक्टर वेगळा, दोन्ही वेगवेगळ्या ओळीत दिसले पाहिजेत.

पण हा हिशोब फक्त माती तुटण्याचा झाला. खचणं वेगळं तपासायचं, अन् तिथं बोअर १ अन् बोअर ३ मधला फरक ॲव्हरेजमध्ये बुडवायचा नाही, कारण टाकी कलते ती फरकामुळं. एका बाजूला ६४ वाली माती अन् दुसऱ्या बाजूला ४९ वाली अशी धरून दोन्हीकडचं खचणं काढा.

फुगण्याच्या प्रेशरला तर सगळंच उलटं होतं. तिथं जास्त आकडा धोक्याचा, म्हणून सावध अंदाज ॲव्हरेजच्या वरचा असतो, फॉर्म्युल्यात वजाच्या जागी अधिक येतो. अन् जे सुकलेलं सँपल कोहेजनला फसवं चांगलं दाखवत होतं, तेच फुगण्याच्या टेस्टला सगळ्यात महत्त्वाचं, कारण कोरडी काळी मातीच जास्त फुगते. म्हणजे १ मीटरवरचे जे सँपल आपण कोहेजनच्या हिशोबातून काढले, त्याच थराची फुगण्याची टेस्ट टाकीभोवतीच्या प्लिंथसाठी अन् पाइपलाइनसाठी लागणार आहे.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

आकडा नुसता ठोकू नका. या केसमध्ये मी असं लिहीन: "राफ्टच्या बेअरिंग कपॅसिटीसाठी अनड्रेन्ड कोहेजनची कॅरेक्टरिस्टिक व्हॅल्यू ४५ किलोपास्कल, खोली १.५ ते ६.५ मीटर. १ मीटरवरचे तीन आकडे सुकलेल्या कवचाचे असल्यानं वगळले. बोअर ३ चा ३४ ओलाव्याशी जुळतो म्हणून ठेवला. टेस्ट ९, पण स्वतंत्र बोअर ३ धरले. सुट्या फुटिंगसाठी ही व्हॅल्यू वापरू नये. बोअर ३ च्या बाजूला खोदकामात मऊ ओली माती दिसल्यास काम थांबवून कळवावे."

शेवटचं वाक्य साइटवरच्या सुपरवायझरला मराठीत तोंडी पण सांगा, अन् खड्डा निघाला की त्या कोपऱ्यात पॉकेट पेनिट्रोमीटर नाहीतर हाताचा व्हेन फिरवून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. तिथं सलग ३०-३५ यायला लागले तर ४५ चा आधार गेला. मग चौथा बोअर त्या कोपऱ्यात घ्यायचा अन् पहिल्या पायरीपासून परत, यावेळी कदाचित दोन वेगळ्या ढिगात.